गाळ्याचं भाडं आणि मालकाचे रिकामे महिने

दुकानाचा करार संपायला तीन आठवडे उरले की बहुतेक भाडेकरूंना जाग येते. मालकाचा फोन येतो, "यंदा जरा वाढवावं लागेल हो." आकडा ऐकून दुकानदार गडबडतो, "बघा ना, काहीतरी कमी करा" म्हणतो. मालक हजार-दीड हजार उतरवतो आणि दोघंही एजंटकडे अंगठा द्यायला जातात. यात घासाघीस झालेली नसते. दुकानदाराकडे वेळ उरलेला नसतो आणि मालकाला ते पक्कं ठाऊक असतं.

महाराष्ट्रात छोट्या दुकानांचे आणि ऑफिसांचे बहुतेक नवे करार लिव्ह अँड लायसन्स या प्रकारचे असतात. जुन्या पागडीच्या किंवा भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या जागांची गोष्ट वेगळी, ती इथे नको. लिव्ह अँड लायसन्समध्ये मुदत संपली की जागेवरचा तुमचा हक्क संपला. 'नूतनीकरण' म्हणतात तो खरं तर नवा करार असतो. नवं मुद्रांक शुल्क, नवी नोंदणी, नव्या अटी. करारात शेवटी कुठेतरी 'उभय पक्षांच्या संमतीने मुदत वाढवता येईल' असं वाक्य असतं आणि दुकानदार त्यावर निर्धास्त राहतो. त्या वाक्याची किंमत शून्य आहे. संमती असेल तर तसंही वाढवता येतंच, आणि नसेल तर ते वाक्य काहीच देत नाही.

म्हणून बोलणी लवकर सुरू करायची आणि लेखी करायची. लेखी म्हणजे ई-मेलनं. एका उदाहरणावरून पाहू. आकडे हिशेबाला सोयीचे म्हणून घेतले आहेत, पण पुण्यात कोथरूडसारख्या भागात आतल्या रस्त्यावर अशी प्रकरणं नेहमी दिसतात.

चष्म्यांचं दुकान. तळमजल्यावरचा ३०० चौरस फुटांचा गाळा. करार ३६ महिन्यांचा, ३१ ऑगस्टला संपणारा. सुरुवातीचं भाडं ३६,००० रुपये, दरवर्षी ५ टक्के वाढ, त्यामुळे तिसऱ्या वर्षी ३९,६९०. डिपॉझिट २ लाख. आत डोळे तपासायची खोली बांधून घेतलेली, शोकेस, एसी, बाहेर बोर्ड. वर्षा-दोन वर्षांनी नंबर बदलला की गिऱ्हाईक परत येतं, आणि ते याच पत्त्यावर येतं. हे मालकही जाणतो. दुकान हलवायचं तर नवीन फर्निचर, बोर्ड, जीएसटी आणि शॉप अ‍ॅक्टवरचा पत्ता बदलणं, वर तुटलेली गिऱ्हाइकं. मालकाचं बळ इथे आहे.

पण मालकाचीही एक बाजू अवघड असते, आणि ती दुकानदार सहसा मोजत नाही. तिच्याकडे येऊच.

पहिली मेल मार्चअखेरीस जाते, म्हणजे पाच महिने आधी. तिच्यात भाड्याचा आकडा नको. करार अमुक तारखेला संपतो आहे, जागा पुढे ठेवायची आमची इच्छा आहे, आपली तयारी आहे का आणि अटी काय असतील ते कळवावं, एवढंच. पहिला आकडा मालकाला बोलू द्यावा असं माझं मत आहे. त्याच्या मनात कदाचित तुमच्या भीतीपेक्षा कमीच असेल. मेल कुणाला जाते आहे हे मात्र नीट पाहावं. जुन्या करारावर मालक म्हणून ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना ती गेली पाहिजे. अनेक गाळे वडील आणि मुलगा, किंवा दोन भाऊ अशा संयुक्त नावावर असतात. काका पुण्यात, मुलगा बंगळुरूत किंवा अमेरिकेत, मेल पाहतो मुलगा आणि फोनवर बोलतात काका, असा प्रकार सर्रास असतो. मुलगा 'हो' म्हणाला म्हणून काकांनी मान्य केलं असं होत नाही. अशा घरात ई-मेलचा उपयोग दुप्पट होतो, कारण फोनवरचं बोलणं मुलापर्यंत पोचताना बदलतं, मेल जशीच्या तशी पुढे जाते.

समजा, १२ एप्रिलला उत्तर आलं: दरमहा ४८,००० रुपये, दरवर्षी १० टक्के वाढ, डिपॉझिट ३ लाख.

आता उत्तर लगेच द्यायचं नाही. आधी कागदावर तीन वर्षांची बेरीज करायची. दुकानदाराचं लक्ष पहिल्या आकड्यावर जातं, ४८ हजार. पण १० टक्के वाढीनं दुसऱ्या वर्षी ५२,८०० आणि तिसऱ्या वर्षी ५८,०८० होतात. तीन वर्षांचे मिळून १९,०६,५६०. समजा मालकानं ४८ हजारांपैकी एक रुपयाही सोडला नाही आणि फक्त वाढ १० वरून ५ टक्क्यांवर आणली, तर बेरीज १८,१५,८४० होते. म्हणजे त्या एका टक्केवारीत ९०,७२० रुपये आहेत. शिवाय पुढच्या करारात बोलणी तिसऱ्या वर्षाच्या आकड्यापासून सुरू होतात, ५८ हजारांपासून की ५३ हजारांपासून हा फरकही तिथेच ठरतो. डिपॉझिटचंही तसंच. एक लाख जास्तीचे द्यायचे आणि ते १२ टक्क्यांच्या कर्जातून आले, तर दरमहा हजार रुपये भाडं वाढल्यासारखंच आहे.

दुसरं काम भावाचा पुरावा. इस्टेट एजंट सांगतो तो भाव मागणीचा असतो. शेजारचा दुकानदार सांगतो तो त्याच्या स्वभावानुसार कमी-जास्त असतो. पण लिव्ह अँड लायसन्सचे करार नोंदवलेले असतात, आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्च सेवेत गाव, वर्ष आणि मिळकतीचा सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकून नोंदणीकृत दस्तांचं 'सूची क्रमांक २' पाहता येतं. साधा शोध मोफत असतो. साइट कधी कधी अडखळते आणि नंबर शोधायला थोडी खटपट लागते, पण आपल्या रस्त्यावरच्या दोन-तीन गाळ्यांची खरी भाडी सापडली तर त्याहून चांगला युक्तिवाद नाही. पाहताना क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्ट-अप हे तपासावं. बिल्ट-अपवर काढलेला दर कमी दिसतो आणि तुलना फसते. मुख्य रस्त्यावरच्या गाळ्याशी आतल्या रस्त्याची तुलनाही करू नये. मालक ती एका वाक्यात मोडून काढेल.

आता मालकाची अवघड बाजू. तुम्ही गेलात तर काय? आपल्या रस्त्यावर फिरून पाहावं. किती शटर बंद आहेत, किती महिन्यांपासून, 'भाड्याने देणे' ची पाटी कधी लागली. समजा असा गाळा जाण्यात साधारण दोन महिने मोडतात. मालकाला ४८,००० देणारा नवा भाडेकरू मिळाला, वाढ बाजारातल्या नेहमीच्या ५ टक्क्यांची. येत्या ३६ महिन्यांपैकी दोन रिकामे गेले तर हाती येतात १७,१०,०००. त्यातून एजंटला एक महिन्याची दलाली ४८,००० गेली. उरले १६,६२,०००.

आणि तुम्ही ४४,००० वर, ५ टक्के वाढीनं, एकही दिवस रिकामा न ठेवता राहिलात तर मालकाला मिळतात १६,६४,५२०. म्हणजे नवा माणूस दरमहा चार हजार जास्त देत असूनही मालकाच्या पदरात दोन-अडीच हजार कमीच पडतात. नव्या भाडेकरूनं फर्निचरसाठी महिनाभर भाडं माफ मागितलं, तर आणखी कमी. तेव्हा या गाळ्याचा खरा मधला आकडा ४४ हजार आहे. त्याच्या खाली जे मिळेल ती तुमची कमाई, वर जे जाईल ती मालकाची.

हा हिशेब मालकाला मेलमध्ये शिकवायला जाऊ नये. त्याला तो कळतो, आणि भाडेकरूनं मांडलेला आवडत नाही. तो तुमच्यासाठी आहे, कुठे थांबायचं हे कळावं म्हणून. रस्ता बदलला की आकडाही बदलतो. तुमचा गाळा कोपऱ्यावरचा असेल, एखादी औषधांची साखळी किंवा बँक त्यावर टपून असेल, तर रिकामे महिने शून्य होतात आणि हिशेब उलटतो. तसं दिसलं तर भाड्यावर शक्ती घालवू नये. त्याऐवजी वाढीची टक्केवारी, मुदत, किंवा नाहीच जमलं तर हलायला तीन महिने जास्तीचे मागावेत.

आपल्या उदाहरणात प्रतिप्रस्तावाची मेल अशी जाईल:

विषय: गाळा क्र. ४, १ सप्टेंबरपासूनचा करार – आमचा प्रस्ताव

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.
आपली १२ एप्रिलची मेल मिळाली. गाळा पुढेही आम्हाला देण्याची आपली तयारी आहे, हे वाचून बरं वाटलं. आपण दरमहा ४८,००० रुपये, दरवर्षी १० टक्के वाढ आणि ३ लाख डिपॉझिट असं कळवलं आहे. आमचा प्रस्ताव पुढीलप्रमाणे आहे.
मुदत ३६ महिने. पहिल्या वर्षी दरमहा ४२,००० रुपये, नंतर दरवर्षी ५ टक्के वाढ. जीएसटी लागू असल्यास वेगळा. डिपॉझिट सध्याचंच, २ लाख. पहिले २४ महिने आम्ही जागा सोडणार नाही. आपल्याकडूनही, भाडं थकलं नाही तर, पूर्ण मुदतीत जागा परत मागितली जाऊ नये.
आपल्याच रस्त्यावर गेल्या वर्षात नोंदवलेले दोन करार पाहिले. दोन्ही गाळ्यांचा दर कार्पेट चौरस फुटाला १३५ ते १४५ रुपये आहे. आपल्या गाळ्याला ४२,००० म्हणजे १४० रुपये पडतात. दोन्हींची सूची सोबत जोडली आहे.
मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, त्याचे फोटोही जोडले आहेत. वॉटरप्रूफिंगचं काम आपण मे महिन्यात करून दिलंत तर बरं होईल.
हा बोलणीसाठीचा प्रस्ताव आहे. नोंदणीकृत करार झाल्यावरच तो दोन्ही बाजूंना बंधनकारक होईल. १० मेपर्यंत आपलं मत कळवावं ही विनंती.
आपला,

या मेलमध्ये 'धंदा मंदा आहे' हे वाक्य नाही. ते प्रत्येक दुकानदार लिहितो आणि त्याचा उलटा परिणाम होतो. भाडं थकेल की काय, अशी शंका मालकाच्या मनात येते. 'नाहीतर आम्ही जागा सोडू' हेही नाही. पर्यायी जागा खरोखर पाहिलेली नसेल तर ही धमकी पोकळ ठरते, आणि लेखी असल्यामुळे मागेही घेता येत नाही. भाडं वेळेवर दिल्याचा डंकाही फार पिटू नये. मालकाला बँकेत दिसतं ते.

'जीएसटी वेगळा' हे छोटं वाक्य मात्र विसरू नये. व्यापारी जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. मालक जीएसटीत नोंदणीकृत असेल तर तो बिलात लावतो. मालक नोंदणीकृत नसेल आणि दुकानदार असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर दुकानदारानं स्वतः, रिव्हर्स चार्ज पद्धतीनं, भरायचा आहे. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदारांना पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्यातून वगळलं गेलं. करावर क्रेडिट मिळत असेल तर ओझं पुष्कळ हलकं होतं, मिळत नसेल तर ४४ हजारांवर ७,९२० रुपये दरमहा जातात. भाडं ठरवताना 'सगळं धरून' असं बोललं गेलं आणि नंतर 'अधिक कर' निघालं, यावरून चांगले संबंध बिघडतात.

लॉक-इनच्या अटीकडेही नीट पाहावं. एजंटांच्या छापील मसुद्यात लॉक-इन बहुधा फक्त भाडेकरूवर असतो; मालक तीन महिन्यांच्या नोटिशीवर कधीही जागा परत मागू शकतो. चष्म्याच्या दुकानदारानं आत दोन-तीन लाख घातले असतील तर हे फार एकतर्फी आहे. इथे २४ महिने न हलण्याची हमी हीच तुमच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू, कारण मालकाला रिकाम्या महिन्यांची धास्ती असते. ती फुकट देऊ नये. तिच्या बदल्यात मालकालाही मुदतीपर्यंत बांधून घ्यावं. जमलं तर पुढच्या २४ महिन्यांचा पर्यायही मागावा: भाडेकरूची इच्छा असल्यास, तिसऱ्या वर्षाच्या भाड्यावर अमुक टक्के वाढीनं. यात 'संमती' हा शब्द येता कामा नये. ३६ आणि २४ मिळून ६० महिने होतात, हेही सोयीचं आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे ते ६० महिन्यांपर्यंतच. त्यापुढे करार भाडेपट्ट्याच्या दरात जातो आणि खर्च एकदम वाढतो.

पुढे काय होतं? बहुतेक वेळा मालक मेलला उत्तर देत नाही, फोन करतो. करू द्यावा. कुरबुर, जुने उपकार, 'तुम्हाला मी कधी त्रास दिला का' हे सगळं फोनवर किंवा चहावरच होतं. आपल्या उदाहरणात चहावर ठरलं: ४४,००० रुपये, ५ टक्के वाढ, डिपॉझिट तेच, वॉटरप्रूफिंग मालकाचं, लॉक-इन दोघांना, पुढच्या २४ महिन्यांचा पर्याय १० टक्के वाढीनं. मालकाच्या पहिल्या मागणीपेक्षा तीन वर्षांत २,४२,०४० रुपये कमी. त्याच संध्याकाळी दोन परिच्छेदांची मेल जायला हवी: 'काका, आज आपल्या घरी ठरलं ते असं', आणि एकेक अट. शेवटी 'यात काही वेगळं वाटत असेल तर कळवावं, नाहीतर "मान्य" एवढं उत्तर द्यावं.' मुलाला कॉपी. 'मान्य' आलं की पुढचं सोपं. दोन दिवसांत आलं नाही तर फोन करून आठवण द्यावी आणि मेल पुन्हा त्याच धाग्यात पाठवावी, नवी सुरू करू नये. सगळी बोलणी एका धाग्यात राहिली की तारखा आपोआप जुळतात.

या मेलांना कायद्यात किंमत आहे, पण मर्यादित. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झालेला करार केवळ त्या कारणानं अवैध ठरत नाही, त्यामुळे 'मान्य' लिहिताना दोघांनीही जपून लिहावं. मसुद्याच्या मेलमध्ये 'नोंदणीकृत करारानंतरच बंधनकारक' हे वाक्य त्यासाठीच आहे. पण गाळ्यात बसायला मेल पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; शिवाय अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. 'नोंदणी कशाला, आपला विश्वास आहे' म्हणणाऱ्या मालकाला हे सौम्य शब्दांत सांगावं. आपल्या करारात मुद्रांक शुल्क साधारण ४,३०० रुपये आणि शहरी भागात नोंदणी फी १,००० येते. एजंटची फी वेगळी. ते कोण भरणार हेही त्याच मेलमध्ये यावं. वाद कोर्टात गेलाच तर मेल पुराव्यात आणताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून प्रिंट काढून मूळ मेल पुसून टाकू नये. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोपही पुरावा होऊ शकतात, पण फोन हरवतो, बदलतो, आणि 'डिलीट फॉर एव्हरीवन' आहेच.

एक धोका शेवटच्या महिन्यात असतो. सगळं ठरलेलं, पण काका मुलाकडे परदेशी, अंगठा राहिला, ३१ ऑगस्ट उलटला. दुकानदार नवं भाडं भरत राहतो आणि समजतो की करार चालू आहे. तसा तो नाही. जुन्या करारात 'मुदतीनंतर जागा ताब्यात ठेवल्यास रोज इतका दंड' असं कलम बहुधा असतंच, आणि संबंध बिघडले की तेच बाहेर येतं. ऑनलाइन नोंदणी असली तरी आधारवरची ओळख पटवायला माणूस लागतो. मालक लांब जाणार असेल तर जुलैमध्येच नोंदणी उरकावी. करार १ सप्टेंबरपासून सुरू होणारा असला तरी आधी नोंदवता येतो. तेही शक्य नसेल तर मुदत संपण्यापूर्वी मालकाकडून मेल घ्यावी की नोंदणी होईपर्यंत ताबा त्यांच्या परवानगीनं आहे आणि दंडाचं कलम लागू नाही.

एजंटचा मसुदा आला की ठरलेल्या मेलची प्रिंट शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहावी. एजंट जुन्याच फाइलवर नावं आणि तारखा बदलतो. त्यामुळे भाडं बरोबर ४४,००० असतं, पण वाढीच्या रकान्यात कुठल्यातरी दुसऱ्या करारातले १० टक्के तसेच राहिलेले असतात, लॉक-इन फक्त लायसेन्सीवर असतो, आणि २४ महिन्यांच्या पर्यायाच्या जागी 'उभय पक्षांच्या संमतीने' परत आलेलं असतं. अंगठा देण्याआधी हे तीन तरी दुरुस्त करून घ्यावेत. मेल समोर असेल तर काकाही हरकत घेत नाहीत, एजंट तेवढा कुरकुरतो.